टाकी रिकामी व्हायला किती वेळ? चल वेगळे करून अवकल समीकरण सोडवताना

एक उभी गोल टाकी घ्या. व्यास ४० सेंमी, आत १०० सेंमी उंचीपर्यंत पाणी आणि तळाला १ सेंमी व्यासाचं भोक. भोकाचं बूच काढलं, तर टाकी किती मिनिटांत रिकामी होईल?

पहिला मोह त्रैराशिकाचा होतो. पहिल्या मिनिटात पातळी सुमारे १० सेंमी उतरते, म्हणजे १०० सेंमी उतरायला १० मिनिटं. पण १० मिनिटांनी पाहिलं तर टाकीत अजून २५ सेंमी पाणी उरलेलं असतं आणि तेवढं जायला पुन्हा १० मिनिटं लागतात. पातळी खाली येते तसा भोकावरचा दाब कमी होतो, धार मंदावते आणि पातळी आणखी सावकाश उतरू लागते. उतरण्याचा वेग पातळीवर ठरतो आणि पातळी त्या वेगाने बदलते. असं एकमेकांत गुंतलेलं नातं मांडायचं तर अवकल समीकरण लागतं. सुदैवाने हे समीकरण त्या प्रकारातलं आहे ज्यात दोन चल दोन बाजूंना नेता येतात आणि मग दोन्ही बाजूंचं समाकलन केलं की काम होतं.

आधी समीकरण मांडू. टॉरिचेलीने १६४४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार h उंचीच्या पाण्याखालच्या भोकातून धार v = √(2gh) या वेगाने बाहेर पडते. तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगड ज्या वेगाने खाली पोचेल, तोच हा वेग. प्रत्यक्षात धारदार कडेच्या भोकातून बाहेर पडताना धार आकसते, त्यामुळे भोकाच्या पूर्ण क्षेत्रफळाने गुणून येणाऱ्या प्रवाहाच्या साधारण ०.६ पटच पाणी जातं. टाकीचा व्यास भोकाच्या ४० पट आहे, म्हणजे क्षेत्रफळ १६०० पट. g = 981 सेंमी/सेकंद² घेतलं तर √(2 × 981) ≈ 44.3. आता 0.6 × 44.3 ÷ 1600 ≈ 0.0166 हा झाला दर सेकंदाचा गुणक. त्याला ६० ने गुणलं की मिनिटाचा गुणक मिळतो आणि तो जवळजवळ १ येतो. टाकीची मापं मुद्दाम तशी निवडली आहेत, म्हणजे आकडेमोड डोक्यात मावते.

तर h सेंमीमध्ये आणि t मिनिटांत मोजलं की समीकरण असं:

dh/dt = −√h, आणि h(0) = 100

उणे चिन्ह विसरू नका, पातळी उतरते आहे. दुसरा तुकडा, h(0) = 100, ही आरंभीची अट. समीकरण फक्त एवढंच सांगतं की कोणत्या पातळीला पाणी किती वेगाने उतरेल. सुरुवात कुठून झाली हे त्याला माहीत नसतं, ते अट सांगते.

आता चल वेगळे करू. ज्या पदांत h आहे ती सगळी dh च्या बाजूला आणि ज्यांत t आहे ती dt च्या बाजूला:

dh/√h = −dt

इथे अनेकांना खटकतं. dh/dt हा काही साधा अपूर्णांक नाही, मग dt उचलून पलीकडे कसा नेला? शंका रास्त आहे. खरं तर इथे काही उचललेलं नाही. मूळ समीकरणाला √h ने भागलं की (1/√h)·(dh/dt) = −1 असं मिळतं. या दोन्ही बाजू t ची फलनं आहेत आणि त्या समान आहेत, म्हणून त्यांचं t च्या सापेक्ष समाकलन करायला काहीच हरकत नाही. डाव्या बाजूला ∫ (1/√h)(dh/dt) dt येतं आणि साखळी नियम उलटा वापरला की त्याचंच ∫ dh/√h होतं. dh आणि dt वेगळे लिहिणं ही या सगळ्याची लघुलिपी आहे. लायब्निझची ही चिन्हपद्धती इतकी सोयीची आहे की लघुलिपी बरोबरच उत्तर देते, म्हणून ती बिनदिक्कत वापरावी. फक्त भागाकार केला आहे, हे लक्षात असू द्या, कारण पुढे तोच आडवा येणार आहे.

दोन्ही बाजूंचं समाकलन केलं की:

2√h = −t + C

डावीकडे 1/√h म्हणजे h चा −1/2 घात. घात एकने वाढून 1/2 झाला आणि 1/2 ने भागलं म्हणून 2 आला. छेदात काहीही दिसलं की ln लिहायची सवय हाताला लागलेली असते, ती इथे चुकीची ठरते. ln येतो तो छेदात चलाचा पहिला घात असेल तेव्हा. स्थिरांक एकच पुरतो. डावीकडे C₁ आणि उजवीकडे C₂ लिहिला तरी शेवटी C₂ − C₁ हा एकच आकडा उरतो.

आणि आता, याच ओळीत, आरंभीची अट घालायची. t = 0 असताना h = 100, म्हणून 2 × 10 = C, म्हणजे C = 20. मग √h = 10 − t/2 आणि

h = (10 − t/2)²

ताळा दोन ठिकाणी करायचा. t = 0 घातलं तर 100 येतात, म्हणजे अट पाळली गेली. अवकलज काढला तर 2(10 − t/2)(−1/2) = −(10 − t/2) येतो आणि हेच −√h आहे, म्हणजे समीकरणही पाळलं गेलं. दोन्ही ताळे लागतात. एकच केला तर चुकीचं उत्तरही त्यातून सुखरूप निसटू शकतं.

ते कसं, ते पाहा. समाकलन करताना C लिहायचा राहिला आणि 2√h = −t वरून √h = −t/2, मग वर्ग करून h = t²/4 असं लिहिलं. शेवटी आठवलं, म्हणून + C जोडला आणि अटीवरून C = 100 काढला. उत्तर आलं h = t²/4 + 100. t = 0 चा ताळा बरोबर जुळतो! पण १० मिनिटांनी या सूत्रानुसार टाकीत १२५ सेंमी पाणी आहे, म्हणजे बूच काढल्यावर पाणी चढतं आहे. स्थिरांक समाकलनाच्या क्षणी जन्मतो आणि त्यानंतरची प्रत्येक क्रिया, वर्ग असो की घातांक घेणं, त्याच्यावरही होते. शेवटी चिकटवलेला C म्हणजे वेगळंच फलन. म्हणूनच C ची किंमत h सुटं करण्याआधी काढलेली बरी. तेव्हा समीकरण सोपं असतं आणि चुकायला जागा कमी.

बरोबर सूत्रालाही एक खोड आहे. t = 24 घातलं तर (10 − 12)² = 4. बूच काढून २४ मिनिटं झाल्यावर टाकीत ४ सेंमी पाणी कुठून आलं? वर्ग करण्याआधीची ओळ बघा: √h = 10 − t/2. वर्गमूळ ऋण नसतं, त्यामुळे ही ओळ फक्त t ≤ 20 पर्यंत खरी. वर्ग करताना ही मर्यादा पुसली गेली. म्हणून पूर्ण उत्तर दोन तुकड्यांत लिहावं लागतं: २० मिनिटांपर्यंत h = (10 − t/2)², त्यानंतर h = 0. उत्तर कोणत्या t साठी चालतं हे लिहिल्याशिवाय उदाहरण पुरं झालं असं मी तरी मानणार नाही.

C ची भानगड टाळायची एक सरळ रीत आहे, ती म्हणजे अट समाकलनाच्या मर्यादांतच घालणं. वेळ 0 पासून t पर्यंत जाते, तेव्हा पातळी 100 पासून h पर्यंत येते. डावीकडे 100 ते h आणि उजवीकडे 0 ते t मर्यादा घेतल्या की 2√h − 20 = −t हे थेट मिळतं आणि C कुठेच येत नाही. मर्यादांची जोडी मात्र जुळली पाहिजे: खालच्या मर्यादा दोन्ही बाजूंना सुरुवातीच्या, वरच्या दोन्ही नंतरच्या. एका बाजूला उलट्या झाल्या की चिन्ह बदलतं.

या मांडणीत एक गोष्ट उघडी पडते, जी C च्या मागे दडून राहते: डाव्या बाजूचं समाकलन म्हणजे वेळ. पातळीचा एक छोटा टप्पा dh घेतला आणि त्याला त्या पातळीच्या वेगाने भागलं, की तो टप्पा उतरायला लागलेला वेळ मिळतो. असे सगळे टप्पे जोडले की एकूण वेळ. मग टाकी रिकामी व्हायला लागणारा वेळ काढायला h चं सूत्रही लागत नाही. 0 पासून 100 पर्यंत ∫ dh/√h काढा, 20 येतात. निम्मी टाकी रिकामी व्हायला 50 ते 100 मर्यादा घ्या, 20 − 2√50 ≈ 5.9 मिनिटं येतात. म्हणजे वरचं अर्धं पाणी सहा मिनिटांत जातं आणि खालच्या अर्ध्याला चौदा लागतात.

जरा थांबून पाहिलं तर यात आश्चर्य आहे. टाकी रिकामी होत आली की वेग शून्याकडे जातो, तरी ती ठरावीक वेळात रिकामी होते. हे नेहमीच होतं का? गरम पाण्याचं भांडं घ्या. खोलीचं तापमान २५ अंश, पाणी ८५ अंशांवर. निवण्याचा वेग तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात धरला तर dT/dt = −k(T − 25). चल वेगळे केले की:

dT/(T − 25) = −k dt, म्हणून ln|T − 25| = −kt + C

इथे छेदात पहिला घात आहे, त्यामुळे ln आला आणि त्याच्यासोबत केवल मूल्यही. ते उगाच लिहिलेलं नसतं. पाणी ८५ वर असेल तर T − 25 धन, केवल मूल्याच्या रेघा सरळ काढता येतात. पण फ्रिजमधलं ५ अंशांचं पाणी ठेवलं तर T − 25 = −20, आणि तिथे 25 − T लिहावं लागतं. कोणतं चिन्ह घ्यायचं हे आरंभीची अटच ठरवते. घातांक घेतला की T − 25 = A·e^(−kt), आणि A म्हणजे सुरुवातीचा फरक: गरम पाण्यासाठी 60, थंड पाण्यासाठी −20. k साठी आणखी एक मोजणी लागते. दहा मिनिटांनी तापमान ५५ भरलं असेल, तर फरक ६० चा ३० झाला, म्हणून k = ln 2 ÷ 10 ≈ 0.069 दर मिनिटाला. वीस मिनिटांनी फरक १५, म्हणजे तापमान ४० अंश.

इथली नेहमीची चूक म्हणजे e^(−kt + C) फोडून e^(−kt) + e^C लिहिणं. घातांकातली बेरीज बाहेर आली की तिचा गुणाकार होतो. चुकीच्या सूत्रात अट बसवली तर T = 25 + e^(−kt) + 59 असं येतं. t = 0 ला ८५ बरोबर जुळतात, पण हे पाणी कितीही वेळ ठेवलं तरी ८४ अंशांच्या खाली उतरत नाही. t खूप मोठा घेतला तर काय होतं हे पाहिलं की अशी चूक लगेच दिसते.

आता पाणी नेमकं २५ अंशांवर कधी येईल? त्यासाठी 25 ते 85 मर्यादांत ∫ dT/(T − 25) काढायला गेलं, तर ln खालच्या टोकाला अनंताकडे जातो. वेळ अनंत. समीकरणानुसार पाणी २५ च्या हवं तितकं जवळ जाईल, पण पोचणार नाही. टाकीत 1/√h चं समाकलन शून्यापाशी आटोक्यात राहतं, म्हणून टाकी पोचते. दोन्हीकडे शेवटी वेग शून्य, पण तो किती झपाट्याने शून्य होतो यावर सगळं अवलंबून.

आता त्या भागाकाराकडे येऊ. √h ने भागताना आपण h = 0 नाही असं न बोलता धरलं होतं. पण टाकी मुळातच रिकामी असेल तर? h = 0 हे कायमचं उत्तर मूळ समीकरणात चपखल बसतं: पातळी शून्य, वेगही शून्य. तरी ते आपल्या 2√h = −t + C मधून C ला कोणतीही किंमत दिली तरी निघत नाही. ज्याने भागलं तो शून्य असताना काय होतं, हे भागण्याआधीच कागदाच्या कडेला लिहून ठेवायला हवं. तापमानाच्या उदाहरणात T = 25 हे तसंच उत्तर; तिथे A = 0 घातल्यावर ते मिळतं, म्हणून हरवल्याचं सहसा कळतही नाही.

टाकीच्या बाबतीत यात एक गंमत आहे. तिसाव्या मिनिटाला खोलीत येऊन पाहिलं तर टाकी कोरडी. ती कधी रिकामी झाली? विसाव्या मिनिटाला? पाचव्या? पहिल्यापासूनच तशी होती? h(30) = 0 ही अट या सगळ्या उत्तरांना लागू पडते. म्हणजे अट दिली तरी उत्तर एकमेव नाही. कारण शून्यापाशी √h चा आलेख उभा चढतो, त्याचा उतार अनंत होतो, आणि एकमेव उत्तराची हमी देणारं प्रमेय तिथे लागू होत नाही. गरम पाण्याचं तसं नाही. तिसाव्या मिनिटाला २५ पेक्षा कितीही थोडं जास्त तापमान मोजलं, तरी मागे जाऊन सुरुवातीचं तापमान काढता येतं.

टाकीवर आता नळ सोडू. समजा भोक बंद असताना नळामुळे पातळी मिनिटाला ५ सेंमी चढली असती. या टाकीसाठी तो प्रवाह मिनिटाला सुमारे ६.३ लिटर होतो. भोक उघडं असताना dh/dt = 5 − √h. उजवीकडे t नाही, म्हणून चल वेगळे होतात: dh/(5 − √h) = dt. पण भागण्याआधी छेद शून्य कुठे होतो ते पाहू: √h = 5, म्हणजे h = 25. सुरुवातीलाच २५ सेंमी पाणी असेल तर जेवढं येतं तेवढंच जातं, पातळी हलत नाही आणि समाकलनाची गरजच नाही. टाकी रिकामी असताना सुरुवात केली तर √h = u असा बदल करून समाकलन करायचं आणि h = 0, t = 0 ही अट घालायची. मिळतं ते असं:

t = 10 ln(5/(5 − √h)) − 2√h

यातून h सुटं करता येत नाही. अशा वेळी बीजगणिताशी झटापट करत बसू नये, हेच उत्तर आहे. पातळी घाला, वेळ मिळते. १६ सेंमीपर्यंत चढायला 10 ln 5 − 8 ≈ 8.1 मिनिटं, २४ सेंमीपर्यंत सुमारे २९ मिनिटं, आणि २५ सेंमीला, गरम पाण्यासारखंच, कधीच नाही. सुरुवात १०० सेंमीपासून असेल तर 5 − √h ऋण होतो आणि ln मध्ये √h − 5 लिहावं लागतं. केवल मूल्य इथेही कामाला आलं.

भोकाच्या नियमालाही मर्यादा आहे. पाणी भोकाच्या व्यासाइतकंच, म्हणजे सेंटीमीटरभर उरलं की भोवरा होतो, हवा आत शिरते आणि ०.६ हा गुणक टिकत नाही. गणिताने शेवटच्या १ सेंमीला २ मिनिटं दिली आहेत, तेवढ्या भागावर फार विसंबू नये.

आणि नळच कमीजास्त होत असेल, समजा प्रवाह वेळेनुसार q(t) असा बदलत असेल, तर dh/dt = q(t) − √h. उजवी बाजू एक t चा अवयव गुणिले एक h चा अवयव अशी असेल तरच चल वेगळे होतात; वजाबाकीने जोडलेले t आणि h कोणत्याही भागाकाराने सुटत नाहीत. x + xy दिसलं तर त्यातून x(1 + y) काढता येतं आणि काम होतं, x + y मध्ये तसं काही नाही. dy/dx = x + y ला दुसरी रीत आहे, कारण त्यात y पहिल्या घातातच आहे. नळाच्या समीकरणात √h आहे, तिथे ती रीतही चालत नाही. तिथे छोटी पावलं टाकत आकडेमोडच करावी लागते: आत्ताच्या पातळीवरून वेग काढायचा, अर्ध्या मिनिटासाठी तोच धरून पातळी बदलायची आणि नव्या पातळीवरून पुन्हा वेग काढायचा.